‘१ ते १०, १५ ते १८’ या एका ओळीच्या चौदा ओळी कशा करायच्या?

अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून संपूर्ण महाराष्ट्रात लागू झाली. तोपर्यंत ती मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोजक्या शहरी भागांपुरती होती. त्यामुळे सोलापूरच्या कनिष्ठ महाविद्यालयांतही आता प्रवेश फेरीफेरीने होतात. पहिल्या फेरीतल्या विद्यार्थ्यांना हजेरी क्रमांक देऊन होतात, प्रात्यक्षिकांच्या बॅच ठरतात, आणि त्यानंतरही पुढच्या फेऱ्यांतून विद्यार्थी येत राहतात. काही जण दाखला काढून दुसरीकडेही जातात. या सगळ्या घडामोडीत सूचना फलकावर मात्र एकच छोटी ओळ टिकून असते: ‘बॅच ए : १ ते १०, १५ ते १८’.

ही ओळ वाचणाऱ्या माणसाला तिचा अर्थ क्षणात कळतो, परंतु तीच ओळ एक्सेलमध्ये टाकून प्रत्येक विद्यार्थ्यापुढे त्याची बॅच, हजेरी किंवा गुण आणायचे म्हटले की काम अडते. या लेखात त्या एका ओळीतून प्रत्येक हजेरी क्रमांकासाठी एक स्वतंत्र ओळ कशी तयार करायची, ती करताना नेमके काय चुकते आणि चुकले आहे हे कसे ओळखायचे, एवढाच विषय घेतला आहे.

## रेंज म्हणजे काय आणि संगणक तिथे का अडतो?

पहिला आणि शेवटचा क्रमांक सांगून मधले सगळे क्रमांक गृहीत धरायचे, अशा लिहिण्याला येथे आपण ‘रेंज’ म्हणू. ‘१५ ते १८’ ही एक रेंज आहे आणि तिच्यात १५, १६, १७ आणि १८ असे चार क्रमांक आहेत. यांतले १६ आणि १७ हे दोन क्रमांक कागदावर कुठेच लिहिलेले नाहीत. वाचणारा माणूस ते मनात भरून घेतो.

एक्सेलला हे मनात भरणे जमत नाही, कारण त्याच्या दृष्टीने `15-18` हा पाच अक्षरांचा मजकूर आहे. त्या मजकुरात १६ नावाची कोणतीही गोष्ट नाही. म्हणून हजेरी क्रमांक १६ कोणत्या बॅचमध्ये आहे, हे सूत्र लावून शोधायला गेल्यास उत्तर ‘सापडले नाही’ असेच येते. शोधणे, जुळवणे, मोजणे ही एक्सेलची सगळी कामे सेलमध्ये प्रत्यक्ष असलेल्या किमतींवर चालतात, आणि म्हणून प्रत्येक क्रमांकाला स्वतःची ओळ द्यावी लागते.

या रूपांतरात एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात ठेवावी लागते. क्रमांक उलगडताना त्याच्याबरोबरची माहितीही प्रत्येक ओळीत उतरली पाहिजे. हजेरी क्रमांक ५ हा प्रत्येक तुकडीत असतो, त्यामुळे नुसता ५ उपयोगाचा नाही. ‘अकरावी अ, बॅच ए, ५’ अशी पूर्ण ओळ हवी.

## किती ओळी व्हायला हव्यात, हे आधी मोजावे

उलगडायला बसण्यापूर्वी अपेक्षित ओळींची संख्या कागदावर काढून ठेवावी, कारण पुढे तीच पहिली तपासणी ठरते. येथे शेवटच्या क्रमांकातून पहिला वजा करायचा आणि उत्तरात एक मिळवायचा. हा ‘एक’ हमखास विसरला जातो. सिद्धेश्वर यात्रेच्या मिरवणुकीत सात नंदीध्वज असतात. त्यांतले तिसऱ्यापासून सातव्यापर्यंतचे बोटाने मोजले तर पाच भरतात, जरी सातातून तीन वजा केले की चारच येतात. वजाबाकी दोन क्रमांकांमधले अंतर सांगते, आणि आपल्याला तर दोन्ही टोकांसकट सगळे क्रमांक हवे असतात.

आता या लेखात शेवटपर्यंत चालणारे उदाहरण घेऊ. एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी विज्ञानाच्या एका तुकडीच्या भौतिकशास्त्र प्रात्यक्षिकासाठी दोन बॅच केल्या आहेत आणि एक्सेलमध्ये त्या अशा लिहिल्या आहेत:

```
Batch    Roll
A        1-10, 15-18
B        11-14, 19-25, 28
```

बॅच ए मध्ये १ ते १० चे दहा आणि १५ ते १८ चे चार, मिळून १४ विद्यार्थी होतात. बॅच बी मध्ये ११ ते १४ चे चार, १९ ते २५ चे सात आणि २८ हा एकटा, मिळून १२ होतात. म्हणजे उलगडल्यावर बरोबर २६ ओळी तयार झाल्या पाहिजेत. २६ आणि २७ हे हजेरी क्रमांक कोणत्याच बॅचमध्ये नाहीत, कारण ते विद्यार्थी बॅच ठरण्याआधीच महाविद्यालय सोडून गेले आहेत.

## पहिला धोका टंकलेखनातच आहे

उलगडण्याच्या पायऱ्यांकडे वळण्यापूर्वी येथे थांबणे भाग आहे, कारण बहुतेक गोंधळ या ठिकाणी होतो आणि तो लवकर दिसत नाही. एक्सेलच्या कोऱ्या सेलमध्ये `1-10` असे टंकित करून एंटर दाबले, की भारतीय तारखेच्या मांडणीनुसार एक्सेल त्याला चालू वर्षातील १ ऑक्टोबर समजते आणि सेलमध्ये `01-Oct` असे दिसू लागते. `15-18` मात्र तसेच राहते, कारण पंधरावा किंवा अठरावा असा महिनाच नसतो. परिणामी एकाच रकान्यात काही रेंज मजकूर म्हणून राहतात आणि काहींची तारीख होते.

आपल्या उदाहरणातल्या `1-10, 15-18` या सेलमध्ये स्वल्पविराम असल्याने तो बचावतो. परंतु एखाद्या बॅचची रेंज फक्त `1-10` असेल, तर ती तारखेच्या तावडीत सापडली म्हणून समजावे. त्यानंतर सेलचा प्रकार बदलून मजकूर केला तरी मूळ रेंज परत येत नाही. एक्सेल तारखा आतून एका चढत्या क्रमांकाने साठवते. १ ऑक्टोबर २०२५ साठी तो क्रमांक 45931 आहे. त्यामुळे प्रकार बदलल्यावर सेलमध्ये 45931 दिसू लागते, आणि हा आकडा कुठून आला हे टंकित करणाऱ्यालाही उमगत नाही. रोल नंबरच्या रकान्यात पंचेचाळीस-सेहेचाळीस हजारांच्या घरातला आकडा दिसला, तर तो याच प्रकाराचा पुरावा समजावा.

यावर उपाय सोपा असला तरी तो टंकित करण्याआधीच करावा लागतो. संपूर्ण रकाना निवडून त्याचा प्रकार `Text` करावा आणि मगच रेंज टाकाव्यात. एखादा-दुसराच सेल असेल, तर सुरुवातीला एकेरी अवतरणचिन्ह देऊन `'1-10` असे लिहावे. ते चिन्ह सेलमध्ये दिसत नाही आणि एक्सेल पुढचा सर्व भाग मजकूर म्हणून ठेवते. दुसऱ्या कोणी पाठवलेली सीएसव्ही फाइल दोनदा क्लिक करून थेट एक्सेलमध्ये उघडली, तरीही हेच घडते.

दुसरा त्रास आडव्या रेघेचा आहे. सूचना वर्डमध्ये टंकित केली असेल, तर वर्ड पुष्कळदा साध्या छोट्या रेघेच्या जागी आपणहून थोडी लांब रेघ घालते. डोळ्यांना दोन्ही सारख्याच वाटतात, परंतु संगणकासाठी ती दोन वेगळी चिन्हे आहेत. कुणी ‘१ ते १०’ असे अक्षरांत लिहिते, तर कुणी देवनागरी अंक वापरते. म्हणून उलगडण्यापूर्वी लांब रेघ आणि ‘ते’ यांच्या जागी साधी रेघ आणावी आणि देवनागरी अंक 1, 2, 3 असे करून घ्यावेत. `Ctrl+H` दाबून शोधा-बदला करण्याचे हे काम आहे. फक्त त्याआधी रकाना `Text` प्रकारचा असल्याची खात्री करून घ्यावी, कारण बदल होताच एक्सेल पुन्हा तारीख ओळखू पाहते, आणि बदलानंतरही कोणत्या सेलची तारीख झाली नाही ना, ते पाहून घ्यावे.

## उलगडण्याच्या तीन पायऱ्या

या कामासाठी एक्सेलमधले पॉवर क्वेरी हे साधन सर्वांत सोयीचे आहे, असे माझे मत आहे. एक्सेल २०१६ पासून ते आतच मिळते, त्यासाठी वेगळे काही बसवावे लागत नाही. मूळ तक्ता आहे तसा ठेवून त्यापासून दुसरा तक्ता तयार करणारी ही सोय आहे. आपण केलेली प्रत्येक पायरी ती लक्षात ठेवते आणि नंतर हवी तेव्हा पुन्हा चालवते.

मूळ तक्त्यातल्या कोणत्याही सेलवर उभे राहून `Data` या टॅबमधील `From Table/Range` निवडले की वेगळी खिडकी उघडते. तेथे सर्वप्रथम `Roll` या रकान्याचा प्रकार `Text` करावा. एखाद्या बॅचमध्ये नुसता 28 एवढाच क्रमांक असेल, तर एक्सेल त्याला संख्या मानते, आणि मजकूर तोडण्याची पुढची क्रिया संख्येवर चालत नाही. तेथे `Error` येतो.

पहिली पायरी स्वल्पविरामापाशी तोडण्याची आहे. `Roll` रकाना निवडून `Split Column` आणि त्यातील `By Delimiter` घ्यावे, चिन्ह म्हणून स्वल्पविराम निवडावा, आणि `Advanced options` उघडून तेथे `Columns` ऐवजी `Rows` निवडावे. हा शेवटचा पर्याय लपलेला असल्यामुळे बहुतेकांना ठाऊक नसतो, आणि तो न निवडल्यास रेंज खाली ओळींत उतरण्याऐवजी उजवीकडे नव्या रकान्यांत पसरतात. या पायरीनंतर आपल्या दोन ओळींच्या पाच ओळी होतात आणि प्रत्येकीत एकच रेंज उरते. स्वल्पविरामानंतरची मोकळी जागा रेंजच्या आधी चिकटून आलेली असते, ती `Trim` करून काढावी.

दुसऱ्या पायरीत आडव्या रेघेपाशी तोडायचे असते, आणि यावेळी मात्र `Columns` हाच पर्याय हवा. त्यातून दोन रकाने मिळतात. त्यांना `From` आणि `To` अशी नावे द्यावीत आणि दोघांचाही प्रकार `Whole Number` असल्याचे पाहावे. आता तक्ता असा दिसतो:

```
Batch    From    To
A        1       10
A        15      18
B        11      14
B        19      25
B        28      null
```

शेवटच्या ओळीतले `null` म्हणजे तेथे काहीच नाही. एकट्या २८ ला रेघच नव्हती, त्यामुळे दुसरा भाग निघालाच नाही. एकट्या क्रमांकाची रेंज स्वतःपासून स्वतःपर्यंत असते, हे आपल्याला सूत्रात सांगावे लागेल.

तिसऱ्या पायरीत मधले क्रमांक भरले जातात. `Add Column` मधील `Custom Column` निवडून नव्या रकान्याला `RollNo` असे नाव द्यावे आणि पुढील सूत्र लिहावे:

```
{[From]..(if [To] = null then [From] else [To])}
```

महिरपी कंसातील दोन टिंबांचा अर्थ ‘येथपासून तेथपर्यंत सगळे पूर्णांक’ असा आहे. नव्या रकान्यात प्रत्येक ओळीपुढे `List` असे लिहिलेले दिसते, म्हणजे त्या एका सेलमध्ये क्रमांकांची आख्खी यादी बसलेली आहे. रकान्याच्या शीर्षकातील दोन बाणांवर क्लिक करून `Expand to New Rows` निवडले, की यादीतील प्रत्येक क्रमांकाची स्वतंत्र ओळ होते आणि बॅचचे नाव प्रत्येक ओळीत आपोआप उतरते. `From` आणि `To` हे रकाने आता काढून टाकता येतात. `Close & Load` केल्यावर नवा तक्ता वेगळ्या पानावर येतो, आणि त्यात २६ ओळी असतात.

## ‘खाली ओढून दहा सेकंदांत होते, मग एवढे कशाला?’

हा आक्षेप रास्त आहे. एकच तुकडी आणि दोनच रेंज असतील, तर 1 आणि 2 लिहून कोपरा धरून खाली ओढणे हेच बरे. अडचण सुरू होते ती सहा तुकड्या, चार विषय आणि प्रत्येकी दोन-तीन बॅच असतात तेव्हा, कारण त्या वेळी ओढण्याचे काम कित्येकदा करावे लागते आणि कुठे एक क्रमांक जास्त ओढला गेला हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. शिवाय प्रवेशाची पुढची फेरी झाल्यावर रेंज बदलतात आणि सगळे पुन्हा ओढावे लागते.

एक मधला मार्गही आहे. नव्या एक्सेलमध्ये आणि गुगल शीट्समध्ये एका रेंजसाठी पुढील सूत्र पुरेसे असते. येथे `A2` मध्ये पहिला आणि `B2` मध्ये शेवटचा क्रमांक आहे.

```
=SEQUENCE(B2-A2+1,1,A2)
```

यातील अधिक एक तोच आहे, ज्याबद्दल आपण वर बोललो. हे सूत्र क्रमांक देते, परंतु शेजारी बॅचचे नाव उतरवत नाही, आणि अनेक रेंज एकाखाली एक रचायच्या तर सूत्र लांबत जाते. दोन-चार रेंजपुरते ते उत्तम आहे.

## ‘उलगडायचेच कशाला? शोधायचे सूत्र रेंजवरही चालते’

हेही अर्धे खरे आहे. `From` हा रकाना चढत्या क्रमाने लावून अंदाजे जुळणीचे `VLOOKUP` वापरले, तर १६ साठी ते १५ पासून सुरू होणारी रेंज शोधून ‘बॅच ए’ असे उत्तर देते. मात्र हे सूत्र रेंजचे फक्त सुरुवातीचे टोक पाहते. त्यामुळे हजेरी क्रमांक २६ विचारला, तर त्याच्या आधीची जवळची सुरुवात १९ असल्याने ते निःशंकपणे ‘बॅच बी’ म्हणते, जरी ती रेंज २५ लाच संपलेली असली. रेंजमधल्या फटी अशा रीतीने चुकीच्या उत्तरांनी भरल्या जातात. `To` ची वेगळी तपासणी जोडून हे टाळता येते. तरी हजेरीची सही घ्यायची किंवा गुण भरायचे, तर प्रत्येक विद्यार्थ्याची ओळ लागतेच.

## २६ ओळी आल्या. मग यादी बरोबर आहे ना?

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. ओळींची संख्या जुळली म्हणजे उलगडणे बरोबर झाले, एवढेच सिद्ध होते. मुळात रेंज बरोबर होती की नाही, याबद्दल ती संख्या काहीच सांगत नाही.

आपल्या उदाहरणातील तुकडीचा हजेरीपट पाहू. हजेरीपटावर १ ते २९ क्रमांक आहेत. त्यांतले २६ आणि २७ बॅच ठरण्यापूर्वीच गेले. बॅच ठरल्यानंतर हजेरी क्रमांक १२ च्या विद्यार्थिनीने दाखला काढला, आणि शेवटच्या फेरीतून आलेल्या एका विद्यार्थ्याला २९ हा क्रमांक मिळाला. म्हणजे आज पटावर २९ वजा ३, असे २६ विद्यार्थी आहेत. उलगडलेल्या यादीतही २६ आहेत. दोन्ही संख्या तंतोतंत जुळतात, आणि तरीही याद्या वेगळ्या आहेत: ‘११ ते १४’ या रेंजमधून गेलेल्या विद्यार्थिनीचा १२ हा क्रमांक यादीत आला आहे, आणि वर्गात बसत असलेला २९ क्रमांकाचा विद्यार्थी कोणत्याच बॅचमध्ये नाही.

यातला पहिला दोष फारसा नुकसान करत नाही. प्रात्यक्षिकाच्या दिवशी एक जागा रिकामी राहते आणि शिक्षक गैरहजर अशी नोंद करतात. दुसरा दोष गंभीर आहे. ज्याचे नाव कोणत्याच बॅचच्या यादीत नाही, त्याला आपली वेळ कळत नाही, आणि त्याच्या नावापुढे गुण भरायला ओळच नसल्याने तो राहून गेला आहे हेसुद्धा गुणपत्रकावरून दिसत नाही. म्हणून तपासणी दोन्ही दिशांनी करायला हवी.

हजेरीपट `Hajeri` नावाच्या पानावर असून तेथे पहिल्या रकान्यात क्रमांक आणि दुसऱ्यात नावे आहेत, असे धरू. उलगडलेल्या यादीत क्रमांक `B` रकान्यात असतील, तर नव्या एक्सेलमध्ये शेजारी पुढील सूत्र लावावे:

```
=XLOOKUP(B2,Hajeri!A:A,Hajeri!B:B,"यादीत नाही")
```

यामुळे प्रत्येक क्रमांकापुढे नाव येते आणि १२ पुढे ‘यादीत नाही’ असे येते. अर्थात, पटावरून गेलेल्यांची नावे आधी काढलेली असली पाहिजेत. उलट दिशेने, उलगडलेले पान `Batch` नावाचे असेल, तर हजेरीपटाच्या पानावर हे सूत्र लावावे:

```
=COUNTIF(Batch!B:B,A2)
```

प्रत्येक विद्यार्थ्यापुढे 1 यायला हवा. २९ पुढे 0 येतो, म्हणजे तो सुटला आहे. कुणापुढे 2 आला, तर दोन रेंज एकमेकींवर चढल्या आहेत. ‘१ ते १०’ आणि ‘१० ते १४’ असे लिहिले की दहावा विद्यार्थी दोन्ही बॅचमध्ये जातो. फाइलमध्ये एकाहून अधिक तुकड्या असतील, तर केवळ क्रमांक न जुळवता तुकडी आणि क्रमांक जोडून जुळवावे, नाहीतर ‘अ’ तुकडीचा ५ ‘ब’ तुकडीच्या ५ शी जुळून बसेल.

सगळ्याच्या सगळ्या ओळींपुढे ‘यादीत नाही’ आले, तर घाबरून जाऊ नये. बहुधा हजेरीपटातले क्रमांक मजकूर म्हणून साठवलेले असतात आणि पॉवर क्वेरीतून आलेले क्रमांक संख्या असतात. `XLOOKUP` साठी मजकुरातला 5 आणि संख्या 5 एक नसतात. सेलच्या कोपऱ्यातील हिरवा त्रिकोण आणि डावीकडे चिकटलेले आकडे ही त्याची खूण आहे. ते सेल निवडून त्रिकोणाशेजारच्या चिन्हातून `Convert to Number` करावे.

## रेंज उलटी किंवा अर्धवट असेल तर?

कुणी घाईत `18-15` लिहिले, तर पॉवर क्वेरी अठरापासून मागे मोजत नाही. ती रिकामी यादी देते आणि उलगडल्यावर तेथे क्रमांक नसलेली एकच ओळ उरते. चूक झाल्याचा संदेश येत नाही. म्हणून `RollNo` या रकान्यात `null` असलेली एखादी ओळ दिसली, तर मूळ रेंजची टोके उलटी आहेत का ते पाहावे. `19-25-28` असे स्वल्पविरामाऐवजी रेघ देऊन लिहिले गेले, तर दोनच रकाने ठरलेले असल्याने तिसरा भाग मुकाट्याने गळून जातो आणि २८ क्रमांक नाहीसा होतो. आधी काढून ठेवलेल्या अपेक्षित संख्येचा उपयोग येथे होतो, कारण तेव्हा २६ ऐवजी २५ ओळी भरतात.

‘१ ते १०, ३ सोडून’ असे लिहिण्याची पद्धत सूचनेत चालते, परंतु ती या पायऱ्यांनी उलगडत नाही. तेथे `1-2, 4-10` असेच लिहावे.

## बैठक क्रमांकांचे काय?

बोर्डाच्या परीक्षेतील बैठक क्रमांक म्हणजे सुरुवातीला एक अक्षर आणि पुढे सहा अंक. ‘M012345 ते M012360’ अशी रेंज वरील सूत्राला चालत नाही, कारण अक्षर असल्यावर ती संख्या राहत नाही. आणि अक्षर काढून संख्या केली, तर सुरुवातीचे शून्य जाते. म्हणून आधी `Replace Values` वापरून M काढावा, उलगडण्याच्या पायऱ्या नेहमीप्रमाणे कराव्यात, आणि शेवटी आणखी एक रकाना जोडून अक्षर व शून्य परत आणावे:

```
"M" & Text.PadStart(Text.From([RollNo]), 6, "0")
```

या सूत्रातील 6 म्हणजे एकूण अंक. संख्या त्यापेक्षा लहान असेल, तर डावीकडे शून्ये भरली जातात. वरच्या रेंजमधून १६ बैठक क्रमांक मिळाले पाहिजेत. रेंजच्या दोन्ही टोकांचे अक्षर वेगवेगळे असेल, तर ती एक रेंज नाही. अक्षर कुठे बदलते ते पाहून तिचे दोन भाग करावेत.

## रेंज बदलल्यावर

आपल्या उदाहरणात दुरुस्ती मूळ तक्त्यात करायची: बॅच ए तशीच राहील, आणि बॅच बी `11, 13-14, 19-25, 28-29` अशी होईल. त्यानंतर `Data` मधील `Refresh All` दाबले, की सर्व पायऱ्या पुन्हा चालून नवी यादी तयार होते. बी मध्ये आता ११ चा एक, १३-१४ चे दोन, १९ ते २५ चे सात आणि २८-२९ चे दोन, मिळून १२ आहेत. एकूण संख्या पुन्हा २६ च आहे, परंतु या वेळी हजेरीपटावर प्रत्येकापुढे 1 येतो.

मात्र या सोयीची एक बाजू सांभाळावी लागते. उलगडलेल्या यादीच्या शेजारच्या रिकाम्या रकान्यात हाताने गुण किंवा हजेरी भरायचा मोह होतो, कारण तेथे प्रत्येक विद्यार्थ्याची ओळ तयारच असते. पण `Refresh All` झाल्यावर फक्त यादीतले क्रमांक नव्याने मांडले जातात, हाताने भरलेले आकडे त्यांच्याबरोबर हलतील याची खात्री नसते. आपल्या उदाहरणात १२ ही ओळ निघून गेल्यावर १३ आणि त्याखालचे सर्व क्रमांक एक ओळ वर सरकतात, आणि १२ पुढे ‘गैरहजर’ म्हणून लिहिलेली नोंद १३ च्या विद्यार्थ्यापुढे येऊन बसू शकते. म्हणून गुण व हजेरी हजेरीपटाच्या पानावर किंवा आणखी वेगळ्या पानावर क्रमांकासह भराव्यात, आणि बॅचनिहाय यादीत त्या `XLOOKUP` ने आणाव्यात. यादी छापून प्रयोगशाळेत द्यायची असेल, तर छापण्यापूर्वी एकदा `Refresh All` करून `COUNTIF` चा रकाना वरपासून खालपर्यंत पाहावा. त्यात 0 किंवा 2 दिसला, तर मूळ रेंज दुरुस्त केल्याशिवाय यादी पुढे देऊ नये.